व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला नेमक्या किती कॅलरी द्यायच्या? मशीनचा आकडा आणि 'आरक्यू' कसा वाचतात

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास असतो. "डॉक्टर, बाबांच्या पोटात काही जातंय ना? एवढ्याशा पिशवीवर कसं भागणार?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर तितकं सोपं नाही. नाकातल्या नळीतून जाणारं फीड कमी पडलं तर शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. त्यात छातीचे, श्वास घ्यायचे स्नायूही आले. फीड जास्त झालं तर साखर वाढते, यकृतात चरबी साठते आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. तो बाहेर टाकण्यासाठी आधीच थकलेल्या फुप्फुसांना आणखी राबावं लागतं, मग व्हेंटिलेटर काढणं लांबतं. म्हणजे कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास.

बहुतेक ठिकाणी यावर एक ठोकताळा वापरतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ कॅलरी. (फीडच्या हिशोबात कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, या लेखातही तसंच.) पण पेशंट किती कॅलरी जाळतोय हे मोजताही येतं. त्या पद्धतीचं नाव इनडायरेक्ट कॅलरीमेट्री. तिच्या स्क्रीनवर कॅलरींच्या शेजारी आणखी एक आकडा येतो, रेस्पिरेटरी कोशंट, म्हणजेच आरक्यू. गंमत अशी, की पहिला आकडा खरा मानायचा की नाही हे बऱ्याचदा दुसरा सांगतो. आणि त्या दुसऱ्याचाही चुकीचा अर्थ लावणं फार सोपं आहे.

उष्णता न मोजता कॅलरी कशा मोजतात?

गॅसच्या शेगडीने किती उष्णता दिली हे दोन प्रकारे कळू शकतं. एक तर उष्णता थेट मोजायची, नाहीतर सिलिंडर किती हलका झाला ते बघायचं. शरीराचंही तसंच. आपण खाल्लेलं अन्न ऑक्सिजनच्या मदतीने जळतं, त्यातून ऊर्जा मिळते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग उष्णता मोजायच्या ऐवजी दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला एवढं मोजलं तरी हिशोब लागतो. म्हणून हिचं नाव 'इनडायरेक्ट', म्हणजे आडवाटेने मोजणी.

श्वास हेही एक प्रकारचं ज्वलनच आहे, ही कल्पना फ्रान्सच्या लाव्हाझिएची, अठराव्या शतकाच्या अखेरची. पण वायूंवरून कॅलरी काढायचं जे सूत्र आज आयसीयूतलं मशीन वापरतं, ते ग्लासगोच्या वेअर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलं.

```
EE = 1.44 × (3.941 × VO2 + 1.106 × VCO2)
```

यात EE म्हणजे दिवसभराच्या कॅलरी, VO2 म्हणजे मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन आणि VCO2 म्हणजे मिनिटाला बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही मिलिलिटरमध्ये. सूत्र पाठ करायची गरज नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्सिजनच्या आकड्याला जवळपास ४ ने गुणलंय आणि कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला जेमतेम १ ने. म्हणजे कॅलरींचं उत्तर मुख्यतः ऑक्सिजनवर ठरतं. हीच गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आरक्यू म्हणजे काय?

बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन. बस्स, एवढंच.

आराम करत असलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २०० भागिले २५०, म्हणजे आरक्यू ०.८.

हा आकडा इंधनाप्रमाणे बदलतो. भात, पोळी, साखर यांतलं कार्बोहायड्रेट जळतं तेव्हा जितका ऑक्सिजन लागतो तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून आरक्यू १ येतो. तेल-तुपातली चरबी जाळायला तुलनेने जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून तिचा आरक्यू ०.७. प्रोटीनचा साधारण ०.८. प्रत्यक्षात शरीर तिन्ही गोष्टी एकाच वेळी जाळत असतं, त्यामुळे एरवी आकडा ०.७ आणि १ यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

आणि १ च्या वर गेला तर? शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपेक्षा जास्त कार्बोहायड्रेट मिळालं, तर उरलेल्याची चरबी बनते. या कामात कार्बन डायऑक्साइड निघतो, पण त्या मानाने ऑक्सिजन लागत नाही. म्हणून आरक्यू १ च्या पुढे जातो.

यावरूनच पुस्तकात एक सोपा नियम येतो. आरक्यू १ च्या वर, म्हणजे फीड जास्त होतंय. ०.७ च्या जवळ, म्हणजे पेशंट उपाशी आहे, स्वतःची चरबी जाळतोय. ऐकायला छान वाटतं. पण आयसीयूत हा नियम डोळे झाकून लावला की फसगत होते. ती कशी, हे एका पेशंटवरून बघू.

नौपाड्याचे एक काका

हा पेशंट काल्पनिक आहे, पण आकडे आयसीयूत रोज दिसतात तसेच घेतलेत.

समजा, ठाण्यात नौपाड्याच्या गोखले रोडजवळ राहणारे ६२ वर्षांचे एक काका. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ८० किलो. जोराचा न्यूमोनिया झाला, श्वास पुरेना, म्हणून व्हेंटिलेटर लावावा लागला. आज सहावा दिवस. ऑक्सिजन ४५ टक्क्यांवर आहे. व्हेंटिलेटरची नळी सहन व्हावी म्हणून प्रोपोफॉल नावाचं झोपेचं औषध चालू आहे, ताशी १५ मिलिलिटर.

डाएटिशियनने ठोकताळ्याने हिशोब केला. ८० गुणिले २५, म्हणजे २००० कॅलरी. मिलिलिटरला १ कॅलरी देणारं फीड पंपावर ताशी ८० मिलिलिटरने लावलं. दिवसाला १९२० कॅलरी. कागदावर सगळं बरोबर दिसतंय.

सकाळी १० वाजता कॅलरीमेट्रीचं मशीन जोडलं. त्याची सॅम्पलिंगची नळी व्हेंटिलेटर आणि पेशंट यांच्या मधल्या जोडणीवर बसते आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतले वायू मोजते. काका शांत पडून होते. स्क्रीनवर आलं:

```
VO2  230
VCO2 237
RQ   1.03
EE   1683
```

सोप्या नियमाने बघितलं तर निकाल लागलाच. आरक्यू १ च्या वर, म्हणजे कार्बोहायड्रेट जास्त होतंय, कमी कार्बोहायड्रेटचं फीड आणा.

थांबा. आधी त्यांच्या पोटात काय जातंय ते बघायला हवं.

या फीडच्या निम्म्या कॅलरी कार्बोहायड्रेटच्या आहेत, म्हणजे ९६०. ग्लुकोजचं सलाईन चालू नाही. काका दिवसाला सोळाशेच्या वर कॅलरी जाळताहेत. मिळणारं सगळं कार्बोहायड्रेट जळून गेलं तरी उरलेल्या सहा-सातशे कॅलरी प्रोटीन आणि चरबीतूनच येणार. असं मिश्रण जळत असेल तर आरक्यू फार तर ०.९ च्या आसपास यायला हवा. १.०३ येण्याइतकं कार्बोहायड्रेट त्यांना मिळतच नाहीये!

मग हा जास्तीचा कार्बन डायऑक्साइड आला कुठून?

गच्चीवरच्या टाकीची गोष्ट

उत्तर नर्सिंगच्या चार्टमध्ये होतं. सकाळी रक्ताची एबीजी तपासणी झाली, त्यात कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला. म्हणून डॉक्टरांनी ९ वाजून ४० मिनिटांनी व्हेंटिलेटरचे श्वास मिनिटाला १६ वरून २२ केले. मोजणी झाली त्यानंतर २० मिनिटांनी.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप खालून एका ठरावीक वेगाने पाणी चढवतोय आणि नळातून तेवढंच पाणी बाहेर जातंय. आता कुणी नळ जास्त उघडला. काही वेळ नळातून जास्त पाणी येईल, पण पंपाचा वेग वाढलेला नाही. टाकीतलं साठलेलं पाणी उतरतंय एवढंच. पातळी खाली जाऊन स्थिरावली की नळाची धार पुन्हा पंपाच्या वेगाइतकी होईल.

शरीरात कार्बन डायऑक्साइडची अशी मोठी टाकी असते. रक्तात आणि पेशींमध्ये तो मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात साठलेला असतो. श्वास वाढवले की हा साठा बाहेर यायला लागतो. मशीन नळावर बसलंय, त्याला वाटतं शरीरच जास्त कार्बन डायऑक्साइड बनवतंय. ऑक्सिजनचा साठा मात्र शरीरात अगदी थोडा असतो, म्हणून त्याचा आकडा जवळपास हलत नाही. भागाकारात वरचा आकडा वाढला, खालचा तसाच राहिला, म्हणून आरक्यू १ च्या पुढे गेला.

याच्या उलटंही होतं. श्वास कमी केले की टाकी भरायला लागते, नळाची धार बारीक होते आणि आरक्यू खोटाच खाली येतो. तेव्हा कुणाला वाटेल, पेशंट उपाशी आहे.

म्हणूनच व्हेंटिलेटरच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर तास-दीड तास थांबून मग मोजायचं असतं. मोजतानाही आकडे स्थिर हवेत. सलग पाच मिनिटं ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींतला चढउतार १० टक्क्यांच्या आत राहिला, तर त्या पाच मिनिटांचा आकडा धरतात. त्या वेळात ड्रेसिंग, सक्शन, कूस बदलणं, फिजिओथेरपी यांतलं काहीच चालू नसावं.

काकांची मोजणी दुपारी १२ वाजता पुन्हा झाली. व्हेंटिलेटरला हात लागून दोन तासांहून जास्त वेळ झाला होता.

```
VO2  230
VCO2 200
RQ   0.87
EE   1624
```

आता आरक्यू फीडशी जुळतो. आणि कॅलरींकडे नीट बघा. आरक्यू १.०३ वरून ०.८७ वर आला, पण कॅलरी फक्त १६८३ वरून १६२४ झाल्या. फरक चार टक्क्यांच्या आत. कारण तेच, सूत्रात भाव ऑक्सिजनला आहे. म्हणजे सकाळच्या मोजणीत कॅलरींचा आकडा थोडासाच चुकला होता, पण आरक्यूवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकला असता.

०.८७ म्हणजे सगळं ठीक?

इथे दुसरा सापळा आहे. आरक्यू मस्त मधोमध आला, म्हणजे फीड योग्य चाललंय, असं वाटू शकतं. पण काकांना जास्त कॅलरी जातच होत्या!

आता सगळ्या कॅलरी मोजू. फीडच्या १९२०. शिवाय झोपेचं औषध. प्रोपोफॉल हे पांढरं दुधासारखं दिसतं, कारण ते चरबीच्या इमल्शनमध्ये मिसळलेलं असतं. त्याच्या दर मिलिलिटरमधून १.१ कॅलरी मिळते. ताशी १५ म्हणजे दिवसाला ३६० मिलिलिटर, म्हणजे ३९६ कॅलरी. चार्टवर ते औषधांच्या रकान्यात असतं, आहाराच्या नाही, म्हणून हिशोबातून सुटतं.

एकूण २३१६ कॅलरी. काका जाळताहेत १६२४. म्हणजे गरजेपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त. तरीही आरक्यू १ च्या खालीच आहे, कारण जास्तीचा भाग बराचसा चरबीचा आहे आणि चरबी न जळता सरळ साठवली जाऊ शकते. त्याची नोंद आरक्यूमध्ये फारशी उमटत नाही.

ही काही एखाद्याच पेशंटची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मॅक्क्लेव्ह आणि सहकाऱ्यांनी २००३ साली व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे आरक्यू आणि त्यांना प्रत्यक्ष मिळालेल्या कॅलरी यांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना गरजेपेक्षा जास्त फीड मिळत होतं, त्यांच्यातल्या निम्म्याहून कमी जणांचा आरक्यू १ च्या वर होता. उरलेल्यांचा आकडा बघून कुणालाही शंका आली नसती. म्हणून आरक्यूवरून फीडचं प्रमाण ठरवण्यापेक्षा, मोजणी विश्वासाची आहे का हे तपासायला तो वापरणं जास्त शहाणपणाचं.

थोडक्यात, आरक्यूला विचारायचा पहिला प्रश्न 'पेशंटला काय हवंय' हा नाही. पहिला प्रश्न आहे, 'ही मोजणी खरी वाटते का?' आरक्यू ०.६७ च्या खाली किंवा १.३ च्या वर असेल, तर तो आकडा जिवंत शरीराचा असणं अवघड. मशीनचं कॅलिब्रेशन, जोडणी आणि पेशंटची स्थिती तपासून पुन्हा मोजायचं. आकडा या मर्यादेत असला तरी पुढचा प्रश्न उरतो. जे खायला दिलंय, त्याच्याशी तो जुळतो का?

आरक्यू चांगला, तरी मोजणी चुकलेली

काही गडबडी आरक्यू पकडू शकत नाही. सगळ्यात फसवी म्हणजे गळती. श्वासनलिकेतल्या नळीभोवती एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. तो नीट फुगलेला नसेल तर बाहेर येणारी हवा बाजूने निसटते. समजा, काकांची २० टक्के हवा अशी निसटली. मग ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही २० टक्क्यांनी कमी मोजले जातील. दोन्ही सारखेच कमी झाले तर भागाकार तोच राहणार, ०.८७. पण कॅलरी येतील सुमारे १३००. देखणा आरक्यू बघून कुणी १३०० वर विश्वास ठेवला, तर काकांना खरोखरच कमी फीड मिळेल.

ही गळती ओळखायची कशी? व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर आत दिलेल्या आणि बाहेर आलेल्या हवेचं माप शेजारी-शेजारी दिसतं. त्यात सतत मोठा फरक असेल तर हवा कुठेतरी जातेय. छातीत ड्रेन असेल आणि त्याच्या बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील, तरी तेच.

दुसरी अडचण जास्त ऑक्सिजनची. आत किती हवा गेली हे मशीन बऱ्याचदा नायट्रोजनवरून काढतं, कारण नायट्रोजन शरीर वापरत नाही आणि बनवतही नाही. जितका आत, तितका बाहेर. काकांना ४५ टक्के ऑक्सिजन आहे, म्हणजे उरलेली ५५ टक्के हवा हिशोबाला मिळते. पण ऑक्सिजन ८० टक्के असेल तर हिशोबाला फक्त २० टक्केच उरते. एवढ्याशा आधारावर सेन्सरची बारीकशी चूकही कित्येक पट मोठी होऊन ऑक्सिजनच्या आकड्यात शिरते. म्हणून ६० ते ७० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन चालू असेल तर ही मोजणी सहसा करत नाहीत. म्हणजे सगळ्यात गंभीर पेशंटला नेमकी हीच सोय मिळत नाही.

तिसरी अडचण, कार्बन डायऑक्साइडला दुसरी वाट असणं. सतत चालणाऱ्या डायलिसिसमध्ये त्याचा काही भाग बायकार्बोनेटच्या रूपात मशीनमधून निघून जातो. एकमो चालू असेल तर वायूंची बरीचशी देवाणघेवाण फुप्फुसांच्या बाहेरच होते. अशा वेळी फक्त श्वासातली हवा मोजून पूर्ण हिशोब लागत नाही.

मग काकांच्या फीडचं काय केलं?

मोजलेल्या १६२४ कॅलरींमधून प्रोपोफॉलच्या ३९६ आधी वजा करायच्या. उरल्या १२२८. फीड सरळ तेवढं कमी केलं तर एक नवा घोटाळा होतो, प्रोटीनही कमी होतं. त्यांच्या फीडमध्ये २० टक्के कॅलरी प्रोटीनच्या आहेत. ताशी ८० मिलिलिटरला दिवसाला ९६ ग्रॅम प्रोटीन मिळत होतं आणि काकांना तेवढ्याची गरज आहे.

म्हणून फीड ताशी ४२ मिलिलिटर केलं. त्यातून १००८ कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रोटीन मिळतं. वरून दिवसभरात विभागून ४५ ग्रॅम प्रोटीन मिळेल एवढी प्रोटीन पावडर, तिच्या १८० कॅलरी. प्रोपोफॉलच्या ३९६ धरून एकूण १५८४ कॅलरी आणि ९५ ग्रॅम प्रोटीन. कॅलरी घटल्या, प्रोटीन घटलं नाही.

बाहेर बसलेल्या मुलाला मात्र एवढंच दिसतं, की पंपावरचा आकडा ८० वरून ४२ झाला. "बाबांचं जेवण निम्मं का केलं?" हा प्रश्न अगदी साहजिक आहे. त्याचं उत्तर असं, की काल त्यांना झेपेल त्यापेक्षा खूप जास्त जात होतं आणि त्यातला बराच भाग जेवणातून नव्हे तर औषधातून जात होता.

आजार अगदी नवा असतो, पहिले दोन-तीन दिवस, तेव्हा तर मोजलेल्या कॅलरीही पूर्ण देत नाहीत. त्या काळात शरीर स्वतःच्या साठ्यातून ग्लुकोज बनवत असतं आणि बाहेरून कितीही दिलं तरी ते पुरतं थांबत नाही. ते ग्लुकोज आणि फीड दोन्ही मिळून बेरीज जास्त होते, आणि शरीर घरातून किती काढतंय हे मशीन सांगू शकत नाही. युरोपातल्या एस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की सुरुवातीला मोजलेल्या गरजेच्या ७० टक्क्यांपर्यंतच द्यावं आणि तिसऱ्या दिवसानंतर ८० ते १०० टक्क्यांपर्यंत न्यावं. काका सहाव्या दिवशी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी जवळपास पूर्ण गरज धरली.

चार दिवसांनी आकडा जुना झाला

दहावा दिवस. काकांचं झोपेचं औषध बंद झालंय, ते डोळे उघडताहेत, हातपाय हलवताहेत, अंगात ताप आहे. पुन्हा मोजणी केली.

```
VO2  290
VCO2 238
RQ   0.82
EE   2025
```

कार्बन डायऑक्साइड बघा, २३८. सहाव्या दिवशी सकाळी आलेला खोटा आकडा २३७ होता. जवळपास तेवढाच, पण अर्थ वेगळा. या वेळी ऑक्सिजनही २३० वरून २९० झालाय. तेव्हा नळ जास्त उघडला होता, आता पंपच जोरात चाललाय.

गरज ४०० कॅलरींनी वाढली आणि त्याच वेळी प्रोपोफॉलच्या ३९६ बंद झाल्या. फीड अजून ताशी ४२ च आहे. पावडर धरून मिळताहेत ११८८ कॅलरी, गरजेच्या साठ टक्क्यांहून कमी. सहाव्या दिवशीचा अचूक हिशोब दहाव्या दिवशी उपासमार ठरला असता. फीड टप्प्याटप्प्याने, साखर आणि फॉस्फेटवर लक्ष ठेवून, ताशी ७५ मिलिलिटरवर नेलं की १८०० कॅलरी आणि ९० ग्रॅम प्रोटीन मिळतं. मग पावडरचीही गरज उरत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे वजनावरून काढलेला २००० चा ठोकताळा आज जवळपास बरोबर निघाला. तो सहाव्या दिवशी चुकला होता. वजन तेच, माणूस तोच, पण ताप, झोपेचं औषध, हालचाल यांनी खर्च बदलला. ठोकताळ्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मोजणीही एकदाच करून चालत नाही, पेशंटची स्थिती बदलली की पुन्हा करावी लागते.

मशीनच नसेल तर?

हे उपकरण महाग आहे, वापरायला वेळ आणि सराव लागतो, त्यामुळे ते सगळीकडे नसतं. एक मधला मार्ग आहे. काही व्हेंटिलेटर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं मिनिटाचं माप दाखवतात. त्याला ८.१९ ने गुणलं की दिवसाच्या कॅलरींचा अंदाज येतो. यात आरक्यू ०.८६ आहे असं आधीच गृहीत धरलेलं असतं.

काकांवर हे लावून बघा. सहाव्या दिवशी दुपारी २०० गुणिले ८.१९, म्हणजे १६३८. मोजलेल्या १६२४ च्या अगदी जवळ. पण त्याच दिवशी सकाळच्या २३७ वरून हिशोब केला असता तर १९४१ आले असते, म्हणजे ३०० हून जास्त कॅलरींची चूक. ऑक्सिजन मोजणारं मशीन टाकीच्या गोंधळात फारसं फसलं नाही, ही पद्धत पुरती फसते. म्हणून ती वापरायची तर व्हेंटिलेटर स्थिर असतानाच.

हेही नसेल तर वजनाचा ठोकताळाच वापरायचा, पण प्रोपोफॉल आणि ग्लुकोजच्या सलाईनच्या कॅलरी धरून. लठ्ठ पेशंटच्या बाबतीत प्रत्यक्ष वजनाला सरळ २५ ने गुणायचं नसतं, तिथे आकडा खाली आणावा लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. मोजून फीड दिल्याने पेशंट हमखास वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. डेन्मार्कमधल्या ईट-आयसीयू या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही पेशंटना पहिल्याच दिवसापासून मोजलेल्या गरजेइतकं फीड दिलं होतं. सहा महिन्यांनंतर त्यांच्या शारीरिक क्षमतेत इतरांपेक्षा ठोस फरक दिसला नाही. अचूक आकडा हातात असला तरी तो कधी आणि किती लवकर गाठायचा, हा वेगळा निर्णय असतो.

नातेवाइकांनी काय विचारावं?

पिशवी केवढी आहे, यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कॅलरींची गरज मोजली आहे की वजनावरून काढली आहे? त्यात झोपेचं औषध आणि सलाईन धरलंय का? आणि प्रोटीन किती ग्रॅम जातंय? पंपावरचा आकडा अचानक निम्मा झालेला दिसला, तर याच तीन उत्तरांमधून त्याचं कारण कळेल.